एक तासाचे काम आणि दहा तासांची केबल

यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याच्या गावी एका महाविद्यालयाचे सर्व्हर मी सांभाळू लागलो, तेव्हा पहिल्याच मोठ्या कामाचा मेल असा लिहिला होता: ‘सर्व गेस्ट नवीन होस्टवर हलवायचे असल्याने रविवारी डाउनटाइम राहील.’ दहा मिनिटांत लेखा विभागातील काकूंचा फोन आला, “पाहुणे येऊन राह्यले तर सर्व्हर काहून बंद करता जी?” चूक माझीच होती. गेस्ट हा आमचा शब्द: होस्ट म्हणजे खरे यंत्र, आणि त्यावर चालणारा आभासी सर्व्हर म्हणजे गेस्ट. त्यांना हवे होते ते एवढेच, की पगारबिल कधी उघडणार नाही.

जुना होस्ट इंटेलचा आणि नवा एएमडीचा असल्यामुळे चालू गेस्ट तसाच पलीकडे सरकवणे भरवशाचे नव्हते. तो बंद करायचा, त्याची 400 जीबीची डिस्क नक्कल करायची आणि नव्या होस्टवर सुरू करायचा, असे ठरले. गिगाबिट जोडणीवर सेकंदाला साधारण 110 एमबी जातात, म्हणजे सुमारे तासाभराचे काम. हा हिशेब कागदावरचा होता. शुक्रवारी 10 जीबीची एक फाइल पाठवून पाहिली. दीड मिनिटात जायला हवी होती, तिला पंधरा मिनिटे लागली.

```
ethtool eno1 | grep Speed
	Speed: 100Mb/s
```

एक जुनी केबल सगळा वेग दहापटीने खाली आणत होती, म्हणजे तासाभराच्या कामाला दहा तास लागले असते. केबल बदलली, चाचणी पुन्हा घेतली आणि मगच वेळ लिहिली. नवख्यांनी वेळ जाहीर करण्याआधी एवढे तरी करावेच.

सुधारलेला मेल असा होता:

‘रविवारी सकाळी 10 ते दुपारी 2 या वेळेत लेखा प्रणाली आणि ग्रंथालयाची नोंदणी बंद राहील. 9:45 पर्यंत आपली एंट्री सेव्ह करून बाहेर पडावे. सेव्ह न केलेली नोंद परत मिळणार नाही. 2 नंतर पुन्हा लॉगिन करावे लागेल. पत्ता, पासवर्ड आणि डेस्कटॉपवरील शॉर्टकट तेच राहतील. 1 वाजेपर्यंत शेवटच्या नोंदी जुळल्या नाहीत, तर जुनी व्यवस्थाच सुरू केली जाईल आणि तसे फोनवर कळवले जाईल.’

पत्ता तोच राहील हे वचन देता आले, कारण गेस्टची जुनी व्याख्या नेटवर्क कार्डाच्या क्रमांकासह उचलली होती. त्याचीच दुसरी बाजू अशी, की जुना आणि नवा गेस्ट एकाच वेळी चालू झाले तर दोघेही एकच पत्ता सांगतात आणि वापरणारा कधी इकडे, कधी तिकडे पोचतो. आमच्याकडे वीज केव्हा जाईल आणि परत आल्यावर जुना होस्ट गेस्टला आपोआप उठवेल, याचा नेम नाही. म्हणून नक्कल सुरू करण्याआधी हे केले:

```
virsh autostart --disable lekha
```

एक वाजेची मर्यादा मात्र सर्वांत महत्त्वाची. लोकांनी नव्या गेस्टवर नोंदी करायला सुरुवात केली, की त्या जुन्या डिस्कवर नसतात, आणि मागे फिरणे म्हणजे त्या गमावणे. त्यामुळे काकूंच्या शनिवारच्या शेवटच्या तीन पावत्या आधी मी स्वतः उघडून ताडून पाहिल्या आणि त्यानंतरच प्रणाली सर्वांना खुली केली.