लग्नाच्या व्हिडिओला विधीवार वेळा लावताना: नव्यांसाठी चार गोष्टी

सोलापुरात लग्नाचा व्हिडिओ तीन-साडेतीन तासांचा निघतो आणि तो सलग कोणीच बघत नाही. मामीला तिची मंगलाष्टका हवी असते, करवलीला कानपिळी, आजीला पाठवणी. म्हणून विधीवार वेळांची यादी. कामाला सोपी दिसते, पण वेळ खाते.

इंटरनेटवरची विधींची तयार यादी उतरवून त्यासमोर वेळा भरायचा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही. गुरुजी बदलले की क्रम बदलतो. पूर्व भागातल्या तेलुगू घरच्या लग्नात मुहूर्त साधतो तो वधू-वर एकमेकांच्या डोक्यावर जीलकर्र बेल्लम, म्हणजे जिरं-गूळ ठेवतात तेव्हा. मंगळसूत्र त्यानंतर. मराठी लग्नाची यादी समोर ठेवून बसलात, तर नेमका मुहूर्तच गाळाल. त्यापेक्षा त्या घरातल्या एखाद्या जाणत्या मावशीला शेजारी बसवा. स्टुडिओतले उस्ताद दुप्पट वेगाने एकदा बघून मोकळे होतात, पण लाजाहोम कुठे संपला आणि सप्तपदी कुठे सुरू झाली हे मावशीच सांगते.

अक्षतांची वेळ मात्र डोळ्यांपेक्षा कानांनी सापडते. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाजाची पट्टी उघडा. मंगलाष्टका चालू असताना ती मध्यम राहते, अंतरपाट खाली आला की बँड सुरू होतो आणि पट्टी एकदम भरून जाते. पण तिथे खूण करू नका. पाच-सात सेकंद मागे या, म्हणजे बघणाऱ्याला ‘सावधान’ ऐकू येईल आणि मग अक्षता पडताना दिसतील. आणि मंगलाष्टका म्हणणारे चार जण असतील तर चौघांना वेगळ्या वेळा द्या. एकच दिलीत, तर फोन येणारच.

आता खरा सापळा. माझी बरीच रात्र यातच गेली, म्हणून जरा लांबण लावतो. वेळा लावतो आपण पेनड्राइव्हवरच्या कॉपीवरून आणि स्टुडिओ नंतर ‘फायनल’ म्हणून दुसरीच फाइल पाठवतो. सुरुवातीचं नाव-फोटोंचं टायटल छाटलेलं असतं, मधला एखादा तुकडाही गेलेला असतो. यादी तीच, विधी मात्र सरकलेले. अशा वेळी सगळं पुन्हा बघत बसू नका. आधी तीन ठिकाणं तपासा.

एका लग्नातलं उदाहरण घ्या. मंगलाष्टका जुन्या फाइलमध्ये 41:20 ला, नव्यात 39:40 ला. फरक 1 मिनिट 40 सेकंद. सप्तपदी 1:02:10 ची 1:00:30 झाली, म्हणजे फरक तोच. पण कानपिळी 1:12:05 वरून 1:09:20 वर आली, फरक 2 मिनिटं 45 सेकंद. म्हणजे सप्तपदी आणि कानपिळी यांच्या मधे आणखी 65 सेकंद कापले गेले. सप्तपदीपर्यंत 1:40 वजा करा, कानपिळीपासून 2:45, आणि शेवटी पाठवणी उघडून बघा. तिथेही 2:45 चाच फरक आला की पुढे काही कापलेलं नाही असं समजायला हरकत नाही. वेगळा आला, तर त्या दोन विधींच्या मधलं ठिकाण तपासून कट शोधत जा. घाबरण्यासारखं काही नाही, पाव तासाचं काम आहे.

वजाबाकी एक्सेलमध्ये करणार असाल तर 41:20 असं टाकू नका. एक्सेल त्याला 41 तास 20 मिनिटं समजतं. 0:41:20 टाका.

फाइल पक्की झाली की यूट्यूबवर व्हिडिओ अनलिस्टेड ठेवून वर्णनात यादी टाका:

```
0:00 सुरुवात
11:05 सीमांतपूजन
39:40 मंगलाष्टका
1:00:30 सप्तपदी
1:09:20 कानपिळी
```

पहिली ओळ 0:00 चीच हवी, किमान तीन वेळा हव्यात, त्या चढत्या क्रमाने हव्यात आणि प्रत्येक भाग किमान 10 सेकंदांचा हवा. यातलं एक जरी चुकलं तरी खालच्या पट्टीवर विधींचे तुकडे दिसत नाहीत. अंतरपाट दूर होणं चार सेकंदांचं असतं, त्याला वेगळा भाग देऊ नका, अक्षतांतच घ्या. आणि एकदा यादी टाकल्यावर यूट्यूबच्या एडिटरमध्ये पुढचा भाग छाटायचा मोह आवरा, नाहीतर सगळ्या वेळा पुन्हा सरकतील.

वयस्कर मंडळी वर्णन उघडत नाहीत. त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर थेट त्या क्षणाची लिंक पाठवा. यूट्यूबच्या लांब लिंकच्या शेवटी `&t=2380s` जोडलं की व्हिडिओ 39:40 पासून सुरू होतो. शेअरच्या बटणातून घेतलेल्या लिंकमध्ये आधीच `?` नसेल, तर `&` ऐवजी `?` लावा. आणि लिंकसोबत ‘मामीची मंगलाष्टका’ एवढं लिहाच, नुसती लिंक कोणी उघडत नाही.