चकचकीत मातीच्या भांड्यात हुमण करताना या चुका टाळा

माझ्या नणंदेने किनाऱ्यावरच्या एका स्टॉलवरनं हिरवा चकाकणारा मातीचा वाडगा आणला, आणि आमटी, सोलकढी, उरलेलं हुमण, सगळं त्यातच ठेवायला लागली. दोन महिन्यांनी बघते तर आतली चमक एका उंचीपर्यंतच गेलेली, वर मात्र तशीच. कढी जिथपर्यंत असायची ना, बरोबर तिथपर्यंत.

मातीवरची चमक म्हणजे काचेचा थर, आणि ती काच कमी आचेवर वितळावी म्हणून काही कारागीर त्यात शिसं घालतात. कच्चं भाजलं तर शिसं काचेत नीट बांधलं जात नाही, मग सोलं, चिंच, टोमॅटो, व्हिनेगर असलं आंबट ते बाहेर ओढून काढतं. हिरव्या रंगासाठी तांबं घातलेलं असेल तर अजूनच सुटतं. चव, वास काहीच कळत नाही, हीच गोची आहे.

लोक म्हणतात भांडं तेल लावून, पेज उकळून सीझन केलं की झालं. ते साध्या मातीला ठीक आहे हो, तिची छिद्रं बुजतात, पण शिसं धातू आहे, उकळून मरत नाही आणि काचेतलं शिसं पेजेने जात नाही.

दुसरी चूक म्हणजे एवढा वेळ उकळतो तेवढ्याचीच काळजी करायची. उकळताना सुटतंच, पण खरा घोळ रात्रभर तसंच ठेवण्यात, कारण जेवढा जास्त वेळ तेवढं जास्त सुटतं. हुमण तर दुसऱ्या दिवशीच छान लागतं, त्यामुळे आपण नेमके तिथेच फसतो!

घरी बघायचं तर भांडं धुऊन अर्ध्यापर्यंत पांढरं व्हिनेगर भरा (माडाचं नको, त्याचा स्वतःचाच रंग असतो), २४ तास झाकून ठेवा, मग ओतून उजेडात वरचा आणि खालचा भाग ताडून बघा. खालचा फिका, खरबरीत झाला किंवा व्हिनेगरला रंग आला तर ते भांडं कुंडी म्हणून वापरा. पण काहीच फरक दिसला नाही म्हणून सेफ समजू नका, शिसं न दिसताही सुटतं. नक्की कळायला लॅबच लागते, तिथेही ४ टक्के ॲसेटिक ॲसिड २४ तास ठेवूनच मोजतात. अमेरिकेत कप-मगसाठी लिटरला ०.५ मिलिग्रॅमची मर्यादा आहे.

आम्ही आता रांधायला म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातलं बिनचमकीचं, रंग न लावलेलं मडकं घेतो. नुसतं घोटून गुळगुळीत केलेलं असेल तर घाबरू नका, कोऱ्या भांड्यावर पाण्याचा थेंब टाका, थोड्या वेळात मुरला तर ती माती, तसाच बसला तर वर काहीतरी थर आहे. लोणच्याला चिनी मातीची जाड बरणी, ती खूप जास्त आचेवर भाजतात म्हणून शिशाची गरज पडत नाही, फक्त आत बारीक तडे गेलेली किंवा वरून रंगवलेली नको.

नणंदेच्या वाडग्यात आता मनीप्लांट आहे.