जिवलग मित्राच्या रिसेप्शनला 'दोन शब्द' बोलायचेत? असं करा

आपल्या सांगलीकडं रिसेप्शनला ग्लास वगैरे कुणी उंचावत नाही, निवेदक माईक हातात देतो आणि म्हणतो मित्रांनी दोन शब्द बोलावेत. ते दोन मिनिटांत बसवायचे, म्हणजे लिहून दीडशे-दोनशे शब्द, कारण खाली आहेर घेऊन माणसं लायनीत उभी असतात.

आधी एकच प्रसंग निवडायचा. दिलदार, जीव लावणारा असली विशेषणं ऐकून नवरीकडच्यांना काहीच कळत नाही, त्यांना प्रसंग लागतो. मी माझ्या मित्रासाठी पहिल्यांदा कॉलेजचे किस्सेच लिहिले होते आणि परत वाचल्यावर दिसलं की प्रत्येकात हसं त्याचंच होतंय, मग सगळे खोडले आणि पुराचं घेतलं. बोललो ते असं:

"नमस्कार. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आमच्या गावभागात शिरलं, तेव्हा हा आला आणि माझ्या आईला न आजीला विश्रामबागेत स्वतःच्या घरी घेऊन गेला. आपली खोली आजीला दिली आणि आठ दिवस हॉलमध्ये सतरंजीवर झोपला. आजी अजून विचारते, माझा दुसरा नातू कुठाय? वहिनी, साखरपुड्याला तुम्ही त्याच आजीला हाताला धरून खुर्चीवर बसवलंत, तेव्हा ती माझ्या कानात म्हणाली, जोडा छान जमला बघ. तुमचा दोघांचा संसार सुखाचा होवो."

एवढंच, एक मिनिटसुद्धा लागलं नाही. यात वहिनींचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, कारण नुसतं मित्राबद्दल बोललं की निम्मा हॉल परका राहतो. त्यांच्याबद्दल आपण डोळ्यांनी बघितलेलं एखादं बारकं काहीतरी सांगायचं, ऐकीव नको.

मग लिहिलेलं परत वाचायचं, पण पुढच्या रांगेत नवरीचे वडील आणि नवऱ्याची आत्या बसलीय असं धरून. जुनी मैत्रीण, दारू, नापास झालेलं वर्ष हे तर नकोच, पण आपल्याकडं जास्त घोळ होतो तो "किती स्थळं बघितली" आणि "एकदाचं जमलं बाबा" या वाक्यांनी, बोलणाऱ्याला ती साधी वाटतात पण नवरीच्या घरच्यांना लागतात. शाळेतलं टोपणनावसुद्धा नको, उद्यापासनं सासरवाडीत त्याच नावानं हाक सुरू होईल. कशाबद्दल शंका आली तर आदल्या दिवशी त्याच्या बहिणीला वाचून दाखवायचं, ती जिथं गप्प होईल ते वाक्य काढायचं.

बोलायच्या आधी साऊंडवाल्या दादाला गाणं बंद करायला सांगून ठेवा, आणि कागदावर मोठ्या अक्षरात लिहून न्या, मोबाईल नको, ऐनवेळी फोन येतो. पहिलं आणि शेवटचं वाक्य पाठच असू द्या, म्हणजे मध्येच मागं कुजबुज वाढली किंवा आपलाच गळा दाटून आला तर सरळ शेवटच्या वाक्यावर जाता येतं.