पाटी रंगवण्याआधी सापडलेल्या चुका

सोलापुरात ताईच्या दुकानाची पाटी आणि दरपत्रक रंगवायचं होतं. पेंटरकाका म्हणाले, "कागदावर असेल तेच उतरवीन." म्हणून आदल्या रात्री कागद खालून वर, एकेक शब्द वाचला. सरळ वाचलं की डोळा चुकीवरून घसरतो.

'गुळ', 'तुप' असं लिहिलं होतं. शेवटचं अक्षर अकारान्त असलं की आधीचा उकार दीर्घ: गूळ, तूप. प्रत्यय लागला की तोच ऱ्हस्व होतो, म्हणून 'गूळाची पोळी' खोडून 'गुळाची पोळी' केलं. 'शेंगाची चटणी'त अनुस्वार राहिला होता. शेंगा अनेक, म्हणून 'शेंगांची'.

त्याच भरात 'मधुर चव'चं 'मधूर' करून बसले! मधुर संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, तिथे उकार ऱ्हस्वच. शब्दकोश उघडून ते परत बदललं.