‘काल’ येणार नाही!

मी कानपूरची, पुण्यात मराठी शिकते. परवा बाईंसाठी मेसेज लिहिला: ‘बाई, काल मी नाही येते. क्लास कॅन्सल करा.’ नशीब, पाठवण्याआधी रूममेटने वाचला आणि खो खो हसली. हिंदीतला ‘कल’ मागचाही असतो नि पुढचाही. मराठीत ‘काल’ म्हणजे होऊन गेलेला दिवस. ‘नाही येते’च्या जागी भविष्यकाळी ‘येणार नाही’ हवं. पण तेवढंच लिहिलं तर मनच नाही असं वाटतं. ‘मला येता येणार नाही’मध्ये अडचण दिसते. आणि ‘क्लास कॅन्सल करा’ हा तर हुकूमच! शेवटी गेला तो असा:

‘बाई, उद्या दवाखान्यात जायचं असल्याने मला तासाला येता येणार नाही. माफ करा. शनिवारी घेता येईल का?’

उत्तर आलं, ‘चालेल, पाचला ये.’