संघामागची किंवा सोहळ्यामागची कंपनी कशी शोधावी

मैदानावरचं नाव वेगळं आणि कागदावरचं नाव वेगळं, हे आधी पक्कं धरा. आपण "एफसी गोवा" म्हणतो, पण संघ चालवते ती गोवन फुटबॉल क्लब प्रायव्हेट लिमिटेड. मुंबई इंडियन्सच्या मागे इंडियाविन स्पोर्ट्स आहे. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर संघाचं लाडकं नाव टाकायचं आणि काही मिळालं नाही की "कंपनीच नाही" म्हणून मोकळं व्हायचं, असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

सुरुवात सोपी आहे. संघाच्या किंवा महोत्सवाच्या संकेतस्थळावर अगदी खाली अटी-शर्ती आणि गोपनीयता धोरणाची पानं असतात. तिथे "आम्ही म्हणजे अमुक प्रायव्हेट लिमिटेड" असं बहुतेक वेळा लिहिलेलं सापडतं. ते नाव अक्षरन् अक्षर उतरवून घ्या.

खरी गडबड होते ती बिलावरच्या जीएसटी क्रमांकात, आणि मी स्वतः तिथेच फसलो होतो. म्हापशाच्या एका मंडपवाल्याने वागातोरच्या एका मोठ्या संगीत महोत्सवाला तंबू आणि खुर्च्या पुरवल्या होत्या. बाकीचे पैसे थकले. त्याच्या वर्क ऑर्डरवर फक्त महोत्सवाचं नाव होतं, सही वाचता येत नव्हती. मी कुणाकडून तरी तिकिटाचं बिल मिळवलं, त्यावरच्या जीएसटी क्रमांकावरून नाव काढलं आणि नोटीस पाठवली. महिन्याने उत्तर आलं: आम्ही फक्त तिकिटं विकली, आमचा संबंध बुकिंगच्या शुल्कापुरता. तो महिना माझ्यामुळे वाया गेला.

म्हणून ऑनलाइन तिकिटाच्या बिलावर क्रमांक दिसला की आधी तो कोणत्या रकमेसमोर आहे ते पाहा. बुकिंग शुल्कासमोरचा क्रमांक तिकीट विकणाऱ्याचा असतो. आयोजकाचा हवा तर प्रवेशमूल्याचं बिल शोधा. मग तो क्रमांक वाचा. हा एक काल्पनिक नमुना:

```
30ABCCG1234E1Z5
```

पहिले 30 म्हणजे गोव्यातली नोंदणी. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. पॅनचं चौथं अक्षर C असेल तर कंपनी, F असेल तर भागीदारी किंवा एलएलपी, T असेल तर न्यास, P असेल तर एकटी व्यक्ती. पाचवं अक्षर म्हणजे पॅन काढताना जे नाव होतं त्याचं, आणि एकटी व्यक्ती असेल तर आडनावाचं, पहिलं अक्षर, इथे G. तुम्ही उतरवलेलं नाव S ने सुरू होतंय आणि इथे G आहे, तर थांबा. एक तर कंपनीने नंतर नाव बदललंय, नाहीतर तुम्ही भलत्याच्या मागे आहात. जीएसटी पोर्टलवर क्रमांक टाकला की कायदेशीर नाव आणि व्यापारी नाव वेगवेगळं दिसतं. घ्यायचं ते कायदेशीर नाव. आणि 30 वरून कंपनीचं मुख्य कार्यालय गोव्यात आहे असं समजू नका. दिल्ली-मुंबईच्या कंपन्याही इथे नोंदणी घेतात.

मंडपवाल्याचं काम शेवटी त्याच्याच कागदाने झालं. आगाऊ रक्कम देताना आयोजकाने टीडीएस कापला होता. आयकराच्या पोर्टलवर मंडपवाल्याचा फॉर्म 26AS उघडला, तर कापणाऱ्याचं पूर्ण नाव समोर! माल किंवा सेवा पुरवणाऱ्यांनी सगळ्यात आधी हेच पाहावं.

नाव हाती आलं की कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर मास्टर डेटा काढा. नोंदणीकृत पत्ता, स्थापनेची तारीख आणि संचालक मिळतात.

संचालकांना मालक समजू नका. संचालक पगारी माणूसही असू शकतो. मालकी कळते ती वार्षिक विवरणपत्रातून, म्हणजे MGT-7 आणि त्याला जोडलेल्या भागधारकांच्या यादीतून. ती शुल्क भरून बघता येते. यादीत पुन्हा एखादी कंपनीच भेटली तर तिचंही विवरणपत्र काढा, माणसांची नावं येईपर्यंत.

प्रत्येक सोहळ्यामागे कंपनीच असते असंही नाही. इफ्फीच्या आयोजनात गोव्याच्या बाजूने असते ती एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवा, आणि ती संस्था म्हणून नोंदलेली आहे. तिला कंपन्यांच्या पोर्टलवर शोधून उपयोग नाही. खासगी महोत्सवाचं नाव कुठेच लागलं नाही, तर ज्या पंचायतीच्या हद्दीत तो झाला तिथे माहिती अधिकाराचा अर्ज द्या आणि ना हरकत दाखल्यासाठी आलेल्या अर्जाची प्रत मागा. उत्तराची मुदत 30 दिवस आहे. परवानगी मागणाऱ्याचं नाव त्या अर्जावर असतंच.