ग्रेस देताना या चुका टाळा

निकालाच्या आठवड्यात आमच्या परीक्षा विभागात दरवर्षी कोणीतरी नवं येऊन विचारतं, "सर, याला दोनच गुण कमी आहेत, ग्रेस टाकू ना?" मी उलट विचारतो, "बाकीचे पेपर पाहिलेत का?" बहुतेक वेळा पाहिलेले नसतात. सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

मुंबई विद्यापीठाच्या ५०४२-ए या ऑर्डिनन्सनुसार ५० गुणांपर्यंतच्या हेडला, म्हणजे ज्यात स्वतंत्रपणे पास व्हावं लागतं अशा पेपरला किंवा भागाला, २ आणि ५१ ते १०० गुणांच्या हेडला ३ गुण ग्रेस मिळते. सगळी ग्रेस मिळून परीक्षेच्या एकूण गुणांच्या १ टक्क्याच्या वर जाता कामा नये. हे सगळ्यांना पाठ असतं. पण ग्रेस धरून विद्यार्थी पूर्ण परीक्षा पास होत असेल तरच ती द्यायची, ही अट मात्र हमखास विसरली जाते.

एका वर्षी एका विद्यार्थ्याला ७५ पैकी २८, २७ आणि २२ पडले होते. पासिंग ३० ला. नव्या सहकाऱ्याने पहिल्या दोन पेपरांना २ आणि ३ गुण देऊन टाकले. तिसऱ्यात ८ कमी, तिथे ग्रेस पोचतच नाही, म्हणजे पहिल्या दोघांनाही ती लागू नव्हती. चूक सापडेपर्यंत मार्कशीट पोराच्या हातात गेली होती. एकच केटी म्हणून तो निर्धास्त होता. मार्कशीट परत मागून तीन केट्या सांगताना त्याच्या वडिलांकडे बघवेना.

उलटी चूकही तितकीच वाईट. एक मुलगी सगळ्यात पास, फक्त एका पेपरात २४. "सहा कमी, ग्रेस तीनच," म्हणून तिला नापास केलं होतं. पण एकाच हेडमध्ये नापास असेल तर ५०४५-ए लावायचा असतो. तिथे एकूण गुणांचा १ टक्का किंवा त्या हेडचे १० टक्के, यातलं जे कमी तेवढी तूट माफ होते, जास्तीत जास्त १० गुण. परीक्षा ७०० गुणांची होती. एक टक्का म्हणजे ७, पंचाहत्तरचे १० टक्के साडेसात. सात गुणांची सोय असताना सहासाठी तिचं वर्ष अडणार होतं. फेरतपासणीत सापडलं म्हणून वाचली.

माझी सवय साधी आहे. आधी लाल पेनाने नापास हेड मोजतो, मगच ऑर्डिनन्स उघडतो. एकच असेल तर ५०४५, जास्त असतील तर ५०४२. जास्त असतील तेव्हा प्रत्येक हेडची तूट लिहून बेरीज करतो आणि ती १ टक्क्यात बसते का ते बघतो. सॉफ्टवेअरवर सोडून मोकळे होणारे लोक मला पटत नाहीत.

उत्तरपत्रिकेतच २८ चे ३० करू नका. ती ग्रेस नाही, खाडाखोड आहे. मूळ गुण तसेच ठेवून दिलेली ग्रेस ऑर्डिनन्सच्या खुणेसह वेगळी दाखवा.

दुसऱ्या विद्यापीठातून आलात तर तिथले आकडे इथे वापरू नका. आपल्या अभ्यासक्रमाचं चालू परिपत्रक टेबलावर ठेवूनच बसा.